मॉनिटरचा बळी देऊ नका

गेम अडकतोय अशी तक्रार घेऊन कोणताही मुलगा कॉम्प्युटरच्या दुकानात गेला की त्याला एकच सल्ला मिळतो: "डिस्प्ले सेटिंगमध्ये जा आणि रिझोल्यूशन 720 करून टाक." दुकानदार हेच सांगतो, वरच्या मजल्यावरचा दादा हेच सांगतो, आणि व्हिडिओ बनवणारेही लाल बाण काढून हेच दाखवतात. हा सल्ला चुकीचा आहे. कमकुवत कार्डावरचा भार कमी करायला पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण तो भार गेमच्या आत कमी करता येत असताना अख्ख्या पडद्याची वाट लावायला सांगणं म्हणजे शुद्ध आळशीपणा आहे, आणि हा आळशीपणा वर्षानुवर्षं तज्ज्ञपणा म्हणून खपवला जातो, याचा मला राग येतो.

एकेकाळी हा सल्ला बरोबर होता. जुन्या काचेच्या जाड मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर रेघा ओढायचा. रेघा कमी केल्या तरी चित्र स्वच्छच राहायचं, कारण त्या पडद्याला ठरलेल्या ठिपक्यांचं बंधन नव्हतं. आजच्या एलसीडीला ते आहे. 1920 बाय 1080 च्या मॉनिटरमध्ये तेवढेच ठिपके कारखान्यात बसवलेले असतात आणि सेटिंग बदलून त्यातला एकही कमी होत नाही. तुम्ही 1280 बाय 720 निवडता तेव्हा प्रत्येक आडव्या ओळीत दोन ठिपक्यांचा मजकूर तीन ठिपक्यांवर पसरवावा लागतो. दोन भाकऱ्या तिघांत वाटाव्यात तशी गत होते: कुणालाच अख्खी मिळत नाही. मधल्या ठिपक्याच्या वाट्याला दोन्ही शेजाऱ्यांचा अर्धा-अर्धा रंग येतो आणि काठ विरघळतात.

त्याचा परिणाम गेमपेक्षा अक्षरांवर जास्त होतो. विंडोज अक्षरं रेखीव दिसावीत म्हणून प्रत्येक ठिपक्यातल्या लाल, हिरव्या आणि निळ्या पट्ट्या वेगवेगळ्या उजळवते. पट्ट्या जागच्या जागी असतील तरच ही युक्ती जमते. 720 केलेल्या पडद्यावर भिंग धरून एखादा 'क' बघा. त्याच्या उभ्या दांड्याच्या एका बाजूला तांबूस आणि दुसऱ्या बाजूला निळसर कड दिसते, आणि दांडा धड एका ठिपक्याचाही नसतो, दोनचाही नसतो. मराठी वाचणाऱ्याला हे जास्त जाचतं. आपल्या अक्षरांत वेलांटी, रफार आणि अनुस्वार एवढ्याशा जागेत बसवलेले असतात, आणि छोट्या आकारात अनुस्वाराचा तो एक ठिपकाच आधी पुसट होतो.

माझ्या भाच्याकडे जीटी 1030 आहे, 2 जीबीचं, आणि मॉनिटर 1080 चा. जीटीए फाइव्ह नीट चालावा म्हणून दुकानातून त्याला डेस्कटॉपच 720 वर करून दिला होता. गेम बॉर्डरलेस विंडोमध्ये चालायचा आणि त्या पद्धतीत गेम डेस्कटॉपचंच रिझोल्यूशन घेतो, म्हणून हा उपाय. गेम बंद केल्यावर सेटिंग परत वर न्यायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. महिनोन् महिने हा मुलगा इंजिनिअरिंगच्या नोट्स धूसर पडद्यावर वाचत होता आणि घरात डोळ्यांच्या नंबराची चर्चा चालू होती. "मामा, कार्डच हलकं आहे, काय करणार," असं तो वर मलाच समजावत होता.

कार्ड हलकं आहे, खरंच आहे. पण त्याच गेममध्ये Settings मधल्या Advanced Graphics या पानावर Frame Scaling Mode नावाची ओळ आहे. जीटीए फाइव्ह पीसीवर 2015 साली आला. त्याच्या या मूळ आवृत्तीत ही ओळ आहे, तरी सल्ला देणाऱ्यांपैकी कुणी ते पान उघडत नाही. तिथे 1/2, 2/3, 3/4, 5/6 असे अपूर्णांक दिलेले आहेत. 2/3 निवडलं की रस्ते, गाड्या, माणसं आणि आकाश 1280 बाय 720 मध्ये रंगवलं जातं, ते चित्र ताणून 1920 बाय 1080 केलं जातं, आणि त्यावर नकाशा, संवादाच्या ओळी, गोळ्यांचा आकडा, मोबाइलचा मेनू हे सगळं पूर्ण रिझोल्यूशनमध्ये उमटतं. मॉनिटरला त्याच्या स्वतःच्या मापाचंच चित्र मिळतं आणि डेस्कटॉपला धक्काही लागत नाही. हेच रेंडर स्केल. इतर गेममध्ये त्याला रिझोल्यूशन स्केल किंवा रेंडर रिझोल्यूशन म्हणतात.

भाच्याच्या मशीनवर आम्ही आधी एमएसएए बंद केलं आणि गवताची पातळी खाली आणली. कमकुवत कार्डावर या दोन गोष्टी चालू ठेवून रिझोल्यूशन कापत बसण्यात काही अर्थ नाही. मग स्केल बंद असताना गर्दीच्या रस्त्यावर फ्रेम तिशीच्या घरात होत्या. 2/3 केल्यावर त्या पन्नाशीच्या आसपास गेल्या. ठिपके 20 लाख 73 हजारांवरून 9 लाख 21 हजारांवर आले, म्हणजे 44 टक्के उरले, तर फ्रेम सव्वादोन पट का झाल्या नाहीत, असं त्याने विचारलं. प्रश्न रास्त आहे. प्रत्येक फ्रेमचं सगळं काम ठिपक्यांच्या संख्येवर अवलंबून नसतं. सावल्यांचे नकाशे त्यांच्या स्वतःच्या मापात बनतात, गाड्या-इमारतींची भूमिती तेवढीच राहते, आणि प्रोसेसरचं काम तर बदलतच नाही. शेवटी तो 3/4 वर थांबला. तिथे चित्र 1440 बाय 810 चं बनतं, ठिपके 56 टक्के उरतात, आणि दूरच्या विजेच्या तारा 2/3 इतक्या तुटक दिसत नाहीत.

इथेच एक सापळा आहे. जीटीएमधला अपूर्णांक लांबी आणि रुंदी या दोन्हींना लागतो, आणि बहुतेक गेममधली टक्केवारीही तशीच. म्हणून 70 टक्के म्हणजे कामात 30 टक्के बचत असं समजू नका, 0.7 गुणिले 0.7, म्हणजे 49 टक्केच ठिपके उरतात. अर्धं चित्र गेलेलं असतं. 50 टक्के म्हणजे तर चौथाई. लोक एका झटक्यात सरकपट्टी 50 वर ओढतात, चित्राचा चिखल होतो, आणि मग रेंडर स्केल बेकार आहे असं गावभर सांगत फिरतात. 85 पासून सुरुवात करा. तिथेही 72 टक्केच ठिपके उरतात आणि डोळ्याला फरक शोधावा लागतो.

मात्र 50 टक्क्यांचा एक उपयोग नक्की आहे: निदान. पाच मिनिटांसाठी स्केल निम्म्यावर आणा आणि त्याच जागी उभं राहून फ्रेमचा आकडा बघा. आकडा उडी मारत असेल तर कार्ड कमी पडतंय, म्हणजे स्केलचा फायदा होईल. आकडा ढिम्म हलला नाही तर अडचण प्रोसेसरची किंवा एकट्याच बसवलेल्या रॅमच्या काडीची आहे, आणि मग रिझोल्यूशन कोणत्याही मार्गाने कमी करा, हाती काही लागणार नाही. ही चाचणी न करता रिझोल्यूशन उतरवणारा टेक्निशियन नाडी न बघता औषध देतो.

फ्रेम साधारण ठीक असूनही मधेच क्षणभर सगळं गोठत असेल, तर संशय कार्डाच्या मेमरीवर घ्यायचा. 1080 चं एक साधं चित्र साठवायला सुमारे 8 एमबी लागतात. गेम अशी डझनभर चित्रं एकाच वेळी बाळगत असला तरी हिशोब शंभर एमबीच्या आसपास थांबतो. 2 जीबी भरते ती टेक्स्चरमुळे. जीटीएच्या ग्राफिक्स पानावर मेमरीची पट्टी दिसते. तिथे Texture Quality एक पायरी खाली आणा, मग रिझोल्यूशनने जेमतेम सरकणारी ती पट्टी कशी आक्रसते ते दिसेल.

माझ्याशी वाद घालणारे दोन गोष्टी सांगतात. पहिली अशी की दोन्ही पद्धतींत चित्र धूसरच होतं. साध्या ताणण्याच्या पद्धतीत गेममधल्या देखाव्यापुरतं हे खरं आहे. मॉनिटरने ताणलं काय आणि गेमने ताणलं काय, झाडं सारखीच मऊ दिसतात. पण अक्षरं आणि नकाशा वाचतात, आणि पडद्यावर नजर सर्वांत जास्त वेळा तिथेच जाते. शिवाय गेमच्या हातात ताणणं असलं की तो त्यात अक्कल वापरू शकतो. एएमडीने 2021 साली आणलेलं एफएसआर काठ ओळखून ते शार्प करतं, आणि त्यासाठी एएमडीचंच कार्ड लागत नाही; ते जीटी 1030 वरही चालतं. एनव्हिडियाच्या डीएलएसएसला आरटीएक्स कार्ड लागतं, त्यामुळे आपल्या चर्चेत ते येतच नाही. मॉनिटरमधल्या चिपला यातलं काहीच ठाऊक नसतं.

दुसरा मुद्दा असा की थेट रिझोल्यूशन कमी केलं तर आणखी चार-दोन फ्रेम मिळतात. मिळतात, कारण मेनू आणि शेवटचे काही परिणामही मग छोट्या चित्रावर होतात. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपला हा फरक जाणवूही शकतो. पण त्या चार फ्रेमसाठी वाचता न येणारा पडदा स्वीकारायचा का, हे त्या मुलाला विचारा. दुकानदाराने परस्पर ठरवू नये.

काउंटर-स्ट्राइक खेळणारे मुद्दाम 4:3 ठेवून चित्र आडवं ताणतात, कारण समोरचा खेळाडू रुंद दिसतो. ती त्यांची निवड आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. ज्या जुन्या गेममध्ये स्केलची सोयच नाही, तिथे रिझोल्यूशन कमी करावंच लागतं. तेव्हाही ते गेमच्या मेनूतून आणि फुलस्क्रीनमध्येच करा. डेस्कटॉपवर Recommended लिहिलेला आकडा तसाच राहू द्या. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये Image Scaling चालू केलं की ताणण्याचं काम मॉनिटरऐवजी कार्ड करतं आणि काठ थोडे शार्पही करतं. एएमडीच्या आरएक्स 5000 आणि त्यापुढच्या कार्डांना हेच काम करणारं रेडिऑन सुपर रिझोल्यूशन आहे. लिनक्सवर स्टीमच्या लाँच ऑप्शनमध्ये एवढी एक ओळ पुरते, फक्त गेमस्कोप आधी बसवलेलं हवं:

```
gamescope -w 1280 -h 720 -W 1920 -H 1080 -F fsr -- %command%
```

छोटी अक्षरं गेमचं माप सांगतात, मोठी मॉनिटरचं. गेमला वाटतं पडदा 720 चा आहे, पण मॉनिटरकडे जातं ते 1080 चंच चित्र. गेममधली अक्षरं इथे ताणलीच जातात, त्याला इलाज नाही. पण गेम बंद केला की नोट्स जशा होत्या तशाच स्वच्छ दिसतात.