वलिम्याचे बिल: ‘बाकी’पासून नको, ताटांपासून वाचा

दावत उरकली की केटरर बिल ठेवतो आणि आपली नजर थेट शेवटच्या ‘बाकी’वर जाते. आम्ही सांगू, बिल वरून वाचा. चूक असते ती वरच्या ओळींत, बाकीत तिची फक्त बेरीज येते.

समजा, रत्नागिरीतल्या एका हॉलमध्ये वलिमा झाला. ठरले होते किमान 400 ताटे, दर 320 रुपये, वाढपी दरातच. बिल आले असे: 430 ताटांचे 1,37,600, पाण्याच्या बाटल्यांचे 4,000, वाढप्यांचे 6,000. एकूण 1,47,600. त्यावर 5 टक्के जीएसटी 7,380 धरून 1,54,980. अॅडव्हान्स 40,000 वजा, बाकी 1,14,980.

आधी ताटे पाहू. ‘किमान 400’ म्हणजे 380 माणसे जेवली तरी पैसे 400 चेच. म्हणून हा आकडा देताना हात जरा आखडता ठेवावा. वरची ताटे मात्र मोजूनच द्यायची. जेवण सुरू होण्याआधी आणलेली ताटे मोजा, शेवटी न वापरलेली मोजा. ताटे धुऊन पुन्हा वापरणार असतील तर हा हिशेब चुकतो, तेव्हा घरचा एक माणूस काउंटरवर बसवा. आपल्या उदाहरणात घरच्यांची मोजणी 418 निघाली. जास्तीची 12 ताटे केटररच्याच माणसांची होती. ती कोणी भरायची, हे आधी ठरलेले नसेल तर वाद तिथेच होतो.

मग वरचे खर्च. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे दरात होते की वेगळे मागवले? बाटल्या आयत्या वेळी आपणच मागवल्या, त्या द्यायच्या. वाढपी दरात होते, ते 6,000 कापायचे.

जीएसटी लावला असेल तर बिलावर 15 अक्षरी नोंदणी क्रमांक हवा. महाराष्ट्रातला क्रमांक 27 ने सुरू होतो. ज्याची नोंदणीच नाही, त्याला हा कर मागता येत नाही.

शेवटी अॅडव्हान्स. बुकिंगला रोख दिलेले 20,000 बिलात आलेच नव्हते. मोबाइलवरून पाठवलेल्या रकमेची नोंद राहते, रोखीची पावती घेतली तरच राहते.

आता दुरुस्त हिशेब: 418 ताटांचे 1,33,760 आणि बाटल्यांचे 4,000 मिळून 1,37,760. जीएसटी 6,888, एकूण 1,44,648. त्यातून 60,000 वजा. बाकी 84,648. फरक 30,332 रुपयांचा, आणि त्यातले 20,000 एका न घेतलेल्या पावतीचे.

मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, हे सूरह बकराच्या 282 व्या आयतीत सांगितलेच आहे. दर, किमान ताटे, दरात काय येते आणि दिलेली प्रत्येक रक्कम, एवढे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या की केटररलाही संशयाने पाहावे लागत नाही आणि त्याचे हक्काचे पैसेही अडत नाहीत.