दोन सुतांचा हिशेब

मॉड्युलर किचनची ऑर्डर देण्याआधी एक टेप आणि एक वही हाताशी घ्या. रंग आणि हँडल नंतर पाहता येतील. आधी पाहायची ती भिंत.

आमच्या शेजारच्या भाभींचं उदाहरण घेऊ. नकाशात त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत दहा फूट, म्हणजे ३०४८ मिलिमीटर होती. दोन्ही बाजूंना गिलावा आणि टाइल्स चढल्यावर माप भरलं ३००० च्या आसपास. मी त्यांना जमिनीजवळ, ओट्याच्या उंचीवर, आणि मागे-पुढे अशा ठिकाणी वेगवेगळं मोजायला लावलं. आकडे आले ३००४, ३००० आणि २९९४. भिंती क्वचितच काटकोनात असतात, त्यामुळे हिशेब सर्वांत लहान मापाचा, २९९४ चा धरायचा.

खालची कपाटं साधारण ३००, ४५०, ६००, ७५०, ९०० अशा रुंदीत मिळतात. काहींकडे ४०० आणि ५०० सुद्धा. भाभींनी स्वतः मांडणी केली होती: सिंकखाली ९००, शेगडीखाली डेगच्यांसाठी ९०० चे ड्रॉवर, आणि उरलेल्या जागेत ६०० ची दोन. बेरीज बरोबर ३०००. कागदावर सुरेख, पण भिंतीत सहा मिलिमीटर जास्त. मिस्त्रीच्या भाषेत दोन सूत. एवढ्यासाठी कपाट आत जात नाही, आणि तयार कपाट रंधून कमी करता येत नाही.

समजा गेलंच, तरी भिंतीला चिकटलेलं दार नव्वद अंशांच्या पुढे उघडताना हँडल टाइलवर आदळतं आणि आतला ड्रॉवर दाराला अडतो. म्हणून दोन्ही टोकांना चार-पाच सेंटीमीटरची पट्टी सोडतात. तिला फिलर म्हणतात. ती जागेवर कापता येते, म्हणून वाकडी भिंतही झाकते. भाभींच्या मांडणीत शेवटचं ६०० चं कपाट ५०० चं केलं. बेरीज २९००, उरले ९४, दोन्हीकडे ४७ चे फिलर.

फिलरला जागा वाया जाते असं मानणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही.

खोली आणि उंचीत एवढी कसरत नाही. कपाट ५६० च्या आसपास खोल आणि ओटा ६०० चा, म्हणजे दगड थोडा पुढे येतो आणि सांडलेलं पाणी दारावर ओघळत नाही. मागून नळाचा पाइप जाणार असेल तर कपाट आणखी पुढे येईल. ते आधी सांगा, कारण दगड त्या मापानं कापला जातो. कपाट ७२०, खाली पाय १०० आणि वर दगड २० धरला तर ओटा ८४० वर येतो. स्वयंपाक करणारीचं कोपर त्याच्यापेक्षा दहा-पंधरा सेंटीमीटर वर असावं. भाभी उंच आहेत, म्हणून त्यांनी पाय १५० चे घेतले.