बारा माणसांची होडी

गेल्या महिन्यात सहकुटुंब पुलाउ उबीनला जाण्याचा योग आला. चांगी पॉइंटच्या धक्क्यावर वेळापत्रक नाही. 12 उतारू जमले की बमबोट सुटते. माणशी 4 डॉलर रोख, सायकलीचे वेगळे. थांबायचे नसेल तर रिकाम्या जागांचेही पैसे भरायचे, म्हणजे 48 डॉलरांत अख्खी होडी आपली. घासाघीस कोणी करीत नाही, आणि डिझेल किती जळले याचा हिशेब नावाड्याला कोणी विचारत नाही.

मला माझा जोडधंदा आठवला. शिकवण्या घेणाऱ्यांना मी एक्सेलमध्ये फीची नोंदवही करून देतो. पूर्वी तासाला 40 डॉलर घेत असे. पहिली तीन कामे 9, 14 आणि 22 तासांची झाली. तिसऱ्या बाईंनी "एवढा वेळ कसा हो लागला?" असे विचारले आणि मी ओशाळलो. टिपणे चाळली तेव्हा दिसले की सूत्रे लिहायला तिन्हीकडे सहाच तास लागले होते. बाकीचा वेळ गेला याद्या जुळवण्यात. एकच मुलगा वहीत 'आदित्य', तर फोनवर 'आदी'!

म्हणून माझे मत असे, की ठरावीक किमतीला काम विकायचे तर काय देणार याच्या आधी काय घेणार ते ठरवावे. होडीवाला माणसे मोजूनच घेतो. आता माझी अट अशी: 60 पर्यंत विद्यार्थी आणि यादी माझ्याच कोऱ्या तक्त्यात भरून. यादी पूर्ण आली की पाचव्या कामाच्या दिवशी नोंदवही तयार, तासभर शिकवणे, आणि 14 दिवसांत एकदा दुरुस्ती. किंमत 400 डॉलर, निम्मे आगाऊ. काम 8 तासांचे, म्हणजे 320 डॉलरांचे; वरचे 80 फसणाऱ्या कामांसाठी.

पुढच्या पाच कामांपैकी चार 8 तासांत झाली, एक 13 तासांवर गेले. एकंदर तासाला 44 डॉलर सुटले. फसलेल्या कामात भावंडांची सवलत मी भिडेखातर फुकट घालून दिली होती. तीच मागणी आणखी दोघांकडून आली, तेव्हा तिचे 80 डॉलर वेगळे लावले, सायकलीसारखे.

दुसऱ्याने लिहिलेला जुना प्रोग्राम दुरुस्त करायचा असेल तर मात्र ही रीत चालत नाही. आत काय निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही; तिथे तासाचाच दर बरा. आणखी एक: एम्प्लॉयमेंट पास ज्या कंपनीचा, तिच्याखेरीज इतरत्र असे काम करता येत नाही. माझ्याकडे पीआर आहे, तरीही मी कंपनीची लेखी परवानगी घेतली.

परतीला उबीनच्या धक्क्यावर आम्ही सातच जण होतो. वीस मिनिटे वाट पाहिली, आणि मग पाच जागांचे 20 डॉलर सगळ्यांनी वाटून भरले.