बुटाच्या कडेवरचं रबर

क्रॉस-ट्रेनिंगच्या बुटाचा रबरी तळ मधल्या भागात कडांवर चढवलेला असतो, तो दोरासाठी. दोर चढताना तो एका पावलाखालून घेऊन दुसऱ्या पावलाने दाबून धरतात. खरी पकड तिथे, बुटाच्या आतल्या कडेला असते. उतरताना दोर त्याच कडेवरून घासत जातो आणि तापतो. धावण्याच्या बुटात तिथे मऊ फोम आणि जाळीचं कापड असतं, ते लवकर फाटतं. रबर दोर धरतं आणि झीजही सोसतं. वजन उचलण्यासाठी टाच रुंद आणि टणक लागते. हा टणकपणा ४०० मीटर धावायला चालतो, १० किलोमीटरला जाचतो. बूट घेताना आतल्या कडेचं रबर नखाने उचकटतं का, हे आधी बघा.