काय लिहू नये, ते आधी लिहा

हल्ली आमच्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना जाहिरातीविषयी काही विचारले, की ते वर्तमानपत्राचे नाव घेत नाहीत, इन्स्टाग्रामचे घेतात. त्यांचे बरोबरच आहे. चिकोडी-संकेश्वर भागातल्या एखाद्या गुऱ्हाळवाल्याला आपला गूळ विकायचा झाला, तर सिनेनट त्याला परवडत नाही. दहा हजारांपासून लाखभरापर्यंत अनुयायी असलेली, स्वयंपाकाच्या चित्रफिती करणारी एखादी गृहिणी किंवा गावोगाव हिंडून खाद्यपदार्थ दाखवणारा एखादा तरुण मात्र परवडतो. यांनाच मायक्रो इन्फ्लुएन्सर म्हणतात. त्यांच्या चित्राखालचा मजकूर म्हणजे कॅप्शन, आणि त्या मजकुरात काय यावे व काय येऊ नये हे सांगणारा विक्रेत्याचा कागद म्हणजे ब्रीफ. हा कागद बहुतेक जण उलट्या क्रमाने लिहितात, असे माझे मत आहे. आधी स्तुतीची विशेषणे, मग किंमत, मग लिंक आणि अगदी शेवटी एक ओळ : ‘खोटे दावे करू नयेत’. या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात केली पाहिजे, आणि ती एक ओळ पुरत नाही.

उदाहरण आमच्याच वर्गातले घेतो. एका विद्यार्थ्याच्या घरी गुऱ्हाळ आहे. संक्रांतीच्या आधी एक किलोचे रवे पाच इन्फ्लुएन्सरांकडे पाठवायचे, तिघे मराठीत लिहिणारे आणि दोघे कन्नडमध्ये, असे घरात ठरले होते. त्यांना द्यायचा कागद आम्ही वर्गात तयार केला. पहिल्या खर्ड्यात ‘केमिकल-फ्री, सेंद्रिय, मधुमेह्यांनाही चालणारा, रक्त वाढवणारा’ असे चार दावे एका श्वासात आले होते. विद्यार्थ्यांनी ते मुद्दाम रचले नव्हते. गुळाच्या पाकिटांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर वाचून ते त्यांच्या तोंडी बसले होते. तेव्हा एकेक दावा घेऊन, ‘हे कशावरून?’ असे विचारत बसलो.

मधुमेहाचा दावा सर्वांत धोक्याचा, म्हणून तो आधी घेतला. गूळ म्हणजे मुख्यत्वे उसाचीच साखर. खनिजे व इतर घटक थोडे असतात, पण रक्तातील साखर वाढवण्याच्या बाबतीत गूळ निरुपद्रवी ठरावा इतके नसतात. शिवाय अन्नपदार्थ रोग बरा करतो किंवा टाळतो असे सुचवण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावेविषयक विनियमांनी मनाई केली आहे. ‘रक्त वाढवतो’ हा दावाही याच वाटेने गेला.

‘सेंद्रिय’ हा शब्द मनाचा नव्हे, प्रमाणपत्राचा आहे. घरचे प्रमाणपत्र नव्हते, म्हणून तोही खोडला.

‘केमिकल-फ्री’ची गंमत वेगळी. विद्यार्थ्याने घरी जाऊन गुळव्याला विचारले. तो म्हणाला, “भेंडी घालतो, चुन्याची निवळी घालतो, हायड्रॉस घालत न्हाई.” आता चुना हेही रसायनच. म्हणजे ‘केमिकल-फ्री’ हे सरळ खोटे झाले. पण गुळव्याचे वाक्य त्या शब्दापेक्षा कितीतरी चांगले होते! काहिलीत रस तापत असताना भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला की मळी वर येते आणि ती काढून टाकता येते. हायड्रॉस घालतात ते गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून. ते न घातल्यास रंग काळपट तांबूस राहतो. ‘हायड्रॉस न वापरता’ हे शब्द लिहायचे, तर त्या घाण्याच्या गुळाची प्रयोगशाळेत गंधकाच्या अंशासाठी केलेली तपासणी हाताशी हवी. अहवाल येईपर्यंत ‘भेंडीच्या रसाने मळी काढलेला’ एवढेच लिहायचे, असे ठरले.

यातून कागदाची पद्धत सापडली. वर्ज्य वाक्य, ते का वर्ज्य, आणि त्याऐवजी काय लिहिता येईल, या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी द्याव्यात. नुसते ‘आरोग्यविषयक दावे नकोत’ म्हटले तर लिहिणारी बाई प्रामाणिकपणे ‘आरोग्य’ हा शब्द टाळते आणि ‘महिनाभर साखर सोडून हाच गूळ खाल्ला, तीन किलो वजन उतरले’ असे लिहिते. तिला वाटते, हा आपला अनुभव आहे, दावा नव्हे. वाचणाऱ्याच्या दृष्टीने तो दावाच असतो. म्हणून अनुभवाच्या रूपाने येणारा दावाही वर्ज्य, हे स्पष्ट लिहावे लागते. त्याहून निसटती जागा प्रतिक्रियांची. कुणीतरी खाली विचारतेच : ‘मला शुगर आहे, चालेल का?’ आणि घाईत उत्तर जाते, ‘हो, बिनधास्त!’ कॅप्शन निर्दोष, आणि दावा खाली जाऊन बसला. यासाठी आम्ही उत्तराचे वाक्यच कागदात दिले : ‘गुळातही साखरच असते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.’

हे सारे फार कडक वाटेल. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाप्रमाणेच शिफारस करणाऱ्यालाही दंडाच्या कक्षेत आणले आहे. पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत, पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत. शिवाय शिफारस करण्यावर बंदी घालता येते. दाव्याची खातरजमा आपण योग्य काळजीने केली होती, असे दाखवता आले तर शिफारस करणारा सुटू शकतो. पण खातरजमा करण्यासारखे काही विक्रेत्याने त्याला दिलेच नसेल, तर त्याने दाखवायचे काय? म्हणून प्रमाणपत्रे आणि अहवाल असतील ते ब्रीफला जोडणे हे सौजन्य नव्हे, ते देणे आहे.

आता आवश्यक मुद्दे. यांची यादी वाढवण्याचा मोह प्रत्येक विक्रेत्याला होतो. आम्ही चारांवर थांबलो. पहिला, ही जाहिरात आहे याचा खुलासा. जाहिरात मानक परिषदेची इन्फ्लुएन्सरांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे जून २०२१ पासून लागू आहेत. त्यांनुसार पैसे न देता नुसता गूळ भेट पाठवला असला तरी खुलासा लागतो, आणि तो हॅशटॅगांच्या गर्दीत दडवून चालत नाही. इन्स्टाग्रामवर कॅप्शनच्या साधारण पहिल्या सव्वाशे चिन्हांनंतर मजकूर दुमडला जातो. नागरीत काना-मात्राही वेगळी चिन्हे म्हणून मोजली जातात, त्यामुळे मराठीला पंधरा-अठरा शब्दच मिळतात. म्हणून कागदात लिहिले : पहिला शब्द ‘जाहिरात’. खुलासा इंग्रजीत किंवा जाहिरातीच्या भाषेत करता येतो. कन्नड कॅप्शनसाठी आमच्या वर्गातल्या कन्नड भाषक विद्यार्थिनीने ‘जाहीरातु’ सुचवला आणि दोन्ही विभाग हसले. निदान या एका शब्दापुरता सीमावाद उरला नाही.

दुसरा मुद्दा वजन आणि घरपोच किंमत, तिसरा मागणीची शेवटची तारीख. चौथा मात्र विद्यार्थ्याच्या वडिलांना मुळीच रुचला नाही : ‘रंग काळपट आहे, आणि हा चिक्कीचा गूळ नव्हे.’ आपल्याच मालाचे वैगुण्य पैसे देऊन छापायचे? पण संक्रांतीच्या तोंडावर गूळ म्हटले की निम्म्या घरांना चिक्कीचाच हवा असतो, आणि साध्या गुळाची वडी बिघडली की ती बाई पुन्हा त्या दारी येत नाही. हा गूळ पोळीला, आमटीला, चहाला. हे आधी सांगितल्याने काही मागण्या कमी येतील, पण परत येणारे रवेही कमी होतील. माझ्या मते आवश्यक मुद्द्यांत एक तरी असा असावा, जो विक्रेत्याला गिळायला जड जातो.

भाषेच्या सुराविषयी मात्र कागदाने शक्यतो गप्प बसावे. ‘सूर उत्साही, आपुलकीचा, तरुण असावा’ या ओळीतून कुणालाही काही कळत नाही. आणि तयार वाक्ये दिली की पाचही जणांकडे तीच वाक्ये दिसतात. वाचक ती लगेच ओळखतो. आम्ही वाक्यांऐवजी एक प्रश्न दिला : ‘तुमच्या घरी या गुळाचे काय केलेत आणि ते कसे झाले?’ मात्र याला एक अट जुळते. त्यांनी खरोखर काही करून पाहिलेले असले पाहिजे. मंगळवारी पार्सल पोचले आणि बुधवारी ‘आमच्याकडे रोज हाच’ असे छापून आले, तर दोष घाई करणाऱ्या विक्रेत्याचा. म्हणून गूळ किमान दहा दिवस आधी पाठवावा.

लिंकांचे काम रुक्ष, पण तिथेच हिशेब बुडतो. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिहिलेली लिंक दाबून उघडत नाही. ती प्रोफाइलवर किंवा स्टोरीत द्यावी लागते, आणि कॅप्शनमध्ये ‘लिंक प्रोफाइलवर’ एवढेच लिहावे. प्रत्येकाला वेगळी लिंक दिली तर कुणाकडून किती लोक आले ते समजते. पत्त्याच्या शेवटी जोडलेला भाग एवढेच काम करतो :

```
https://example.com/gul?utm_source=instagram
&utm_medium=influencer&utm_campaign=sankrant
&utm_content=mr1
```

ही सलग एकच ओळ असते, इथे जागेसाठी तोडली आहे. शेवटचा `mr1` म्हणजे पहिला मराठी लेखक. कन्नडसाठी `kn1`, आणि त्याचे पान कन्नडमध्येच उघडले पाहिजे. पण आपल्याकडे पुष्कळ लोक पान पाहतात आणि मागणी व्हॉट्सॲपवर करतात. तिथे ही खूण गळून पडते. त्यासाठी प्रत्येकाला `GULMR1` असा छोटा सवलतीचा कोडही द्यावा. तो माणूस तोंडानेही सांगू शकतो. दोन्ही आकडे कधीच तंतोतंत जुळत नाहीत, हे धरून चालावे.

कागद एका पानात बसला. खर्डा प्रसिद्ध होण्यापूर्वी चोवीस तास दाखवावा, आणि विक्रेत्याने त्यात वस्तुस्थिती, किंमत व खुलासा एवढेच तपासावे, शब्दकळेला हात लावू नये, असे शेवटी लिहिले. यावर वर्गात वाद झाला तो मानधनाचा. लेखकाने ‘चहात घातल्यावर दूध फाटले’ असे लिहिले तर पैसे द्यायचे का? गुळाच्या चहात दूध फाटण्याचा अनुभव घरोघरी आहे, आणि तो लिहिणे खोटे नव्हे. बऱ्याच चर्चेनंतर शेवटचे कलम असे झाले : मानधन ठरल्या दिवशी मजकूर प्रसिद्ध होण्यावर अवलंबून राहील, स्तुतीवर नाही. वडिलांनी त्यावर सही केली. मात्र त्याखाली पेन्सिलीने एक ओळ वाढवली : ‘दूध उकळून, गॅस बंद करून मग गूळ घालावा, हे त्यांना सांगा.’ ती ओळ आम्ही शाईने उतरवून घेतली.