एक तिकीट की दोन? आदिलाबादच्या प्रवाशाचा हिशेब

आपल्या आदिलाबादच्या जुन्या मराठी घरांची सोयरीक कुठे कुठे पसरली आहे, हे लग्नपत्रिकांची थप्पी चाळली की कळते. किनवट, भोकर, नांदेड, परभणी ही जवळची गावे. किनवट तर १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. त्यापुढे पुणे, सोलापूर, कोल्हापूर. मुंबईचा प्रश्न नंदिग्राम एक्सप्रेसने सोडवला आहे, पण बाकीच्या बहुतेक ठिकाणी जायचे तर मुदखेडमार्गे नांदेडला उतरून दुसरी गाडी धरावी लागते. मग खिडकीवर किंवा घरच्या मुलाच्या मोबाईलवर आपण सवयीने दोन तिकिटे काढतो. आदिलाबाद ते नांदेड एक, नांदेड ते पुणे दुसरे. मीही अनेक वर्षे हेच केले. यात आपण निष्कारण किती पैसे देतो, याचा हिशेब एकदा मांडला तो असा.

रेल्वेचे भाडे सरळ किलोमीटर गुणिले दर असे नसते. अंतर वाढत जाते तसा दर किलोमीटरमागे कमी होत जातो. पहिले शंभर किलोमीटर महाग पडतात, सातशे ते आठशे हे शंभर स्वस्त. त्यामुळे एका लांब प्रवासाचे दोन तुकडे केले की प्रत्येक तुकड्याची सुरुवात पुन्हा महाग दराने होते. शिवाय आरक्षण आकारही दोन्ही तिकिटांवर वेगवेगळा लागतो. हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. खरी मेख मात्र दुसरीकडे आहे, आणि ती आपल्यासारख्या टोकाच्या गावाला जास्त बोचते.

ती मेख म्हणजे किमान अंतर. मेल-एक्सप्रेसच्या स्लीपर वर्गात तुम्ही कितीही जवळ गेलात तरी भाडे किमान २०० किलोमीटरचे लागते. थ्री-टायर एसीत हा आकडा ३०० आहे. आदिलाबाद ते नांदेड हे अंतर सुमारे १८५ किलोमीटर. म्हणजे स्लीपरने गेलात तर १५ किलोमीटरचे पैसे जास्त गेले, त्याचे फार वाईट वाटून घेऊ नका. पण म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन एसीने निघालात की १८५ किलोमीटरसाठी ३०० चे भाडे द्यावे लागते.

आता पुढचा टप्पा जोडून पाहू. नांदेडहून पुढचे अंतर वेगवेगळ्या मार्गांनी वेगवेगळे भरते. हिशेबासाठी ५५० किलोमीटर धरू. दोन वेगळी तिकिटे काढली तर पहिल्यात ३०० आणि दुसऱ्यात ५५०, अशा ८५० किलोमीटरचे भाडे भरले, तेही दोन्ही वेळा सुरुवातीच्या महाग दरापासून. आदिलाबाद ते पुणे असे एकच थेट तिकीट काढले तर १८५ अधिक ५५०, म्हणजे ७३५ किलोमीटरचे भाडे, दर एकदाच सुरू होऊन उतरत जाणारा. ११५ किलोमीटर तर आपण चाललोच नाही, तरी त्याचे पैसे दिले. चार माणसांच्या कुटुंबाला जाता-येता हे आठपट होते.

एकच तिकीट मिळते कसे? आरक्षण खिडकीवर. आरक्षणाच्या अर्जात पुढच्या प्रवासाचा तपशील भरायला जागा असते, ती आपण रिकामी सोडतो. दोन्ही गाड्यांची नावे, क्रमांक आणि तारखा तिथे लिहाव्यात आणि “थेट भाड्याचे एकच तिकीट हवे, नांदेडला गाडी बदलणार” असे खिडकीवरच्या माणसाला स्पष्ट सांगावे. जागा दोन्ही गाड्यांत स्वतंत्रच मिळते, त्यामुळे एकीत पक्की आणि दुसरीत प्रतीक्षा यादी असे होऊ शकते. हे आधी विचारून घ्यावे. पैसे देण्यापूर्वी तिकिटावर छापलेले अंतर पाहावे. तिथे पूर्ण प्रवासाचा आकडा असेल तर काम झाले. फक्त नांदेडपर्यंतचा असेल तर तुम्हाला पुन्हा दोनच तिकिटे मिळाली आहेत.

पहिली गाडी उशिरा आली आणि पुढची चुकली तर काय, ही भीती सगळ्यांना असते. दोन सुटी तिकिटे असतील तर रेल्वेच्या लेखी ते दोन वेगळे प्रवास आहेत. पुढची गाडी सुटून गेल्यावर पक्क्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, तुमची आधीची गाडी कितीही रखडलेली असो. थेट तिकिटावर मात्र झालेल्या प्रवासाचे भाडे कापून उरलेले परत मिळते. त्यासाठी तुमची गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून तीन तासांत तिकीट परत करावे लागते. हे तीन तास फलाटावर हुज्जत घालण्यात घालवू नयेत.

एप्रिल २०१९ पासून दोन वेगळी तिकिटे, म्हणजे त्यांचे पीएनआर, एकमेकांना जोडण्याची सोय झाली. दोन्हींवर प्रवासी तेच असावे लागतात आणि पहिले तिकीट जिथे संपते तिथूनच दुसरे सुरू व्हावे लागते. गाडी चुकली तर यातही परतावा मिळतो. पण गैरसमज नको : जोडल्याने भाडे कमी होत नाही, दोन्हींचे भाडे वेगवेगळेच राहते. मोबाईलवरून तिकीट काढणाऱ्यांनी निदान हे तरी करावे.

दोन तिकिटे कधी बरी? पहिला टप्पा दिवसाच्या गाडीने साध्या दुसऱ्या वर्गात बसून करायचा आणि रात्रीच्या टप्प्यालाच एसी हवे असेल, तर वेगळी तिकिटे स्वस्त पडतात. मी एकटा असलो की असेच जातो. दुसरे म्हणजे नांदेडला बहिणीकडे चार दिवस राहून पुढे जायचे असेल तेव्हा. थेट तिकिटावर गाडी बदलायला २४ तासांपर्यंत थांबता येते, पण मुक्काम करायचा तर त्याला प्रवासखंडाचा नियम लागतो. पहिला खंड ५०० किलोमीटर झाल्याशिवाय घेता येत नाही आणि तोही दोन दिवसांचाच. आदिलाबादहून निघालेल्याला नांदेड त्या मर्यादेच्या फार अलीकडे पडते. शिवाय आदिलाबादची गाडी चुकेल अशी शंका असेल, तर सुट्या तिकिटावर बसने नांदेड गाठून पुढची गाडी धरता येते.

माझे रेल्वेशी भांडण एवढेच आहे की खिडकीवर जी सवलत मिळते ती घरबसल्या तिकीट काढणाऱ्याला मिळत नाही. संगणकाला दोन पीएनआर जोडता येतात, तर दोन्ही अंतरांची बेरीज करून भाडे लावता का येऊ नये? ज्या गावाहून थेट गाड्या भरपूर आहेत त्यांना याची झळ लागत नाही. ती लागते मुदखेड फाट्याच्या टोकाला असलेल्या आपल्याला. आपल्या मंडळाने नांदेड विभागीय कार्यालयाला जे निवेदन द्यायचे ठरवले आहे, त्यात नव्या गाडीच्या मागणीखाली ही मागणीही लिहावी. नव्या गाडीला डबे लागतात, इंजिन लागते, याला काहीच लागत नाही. निवेदनाला जोडायला ज्यांच्याकडे अशा दोन तिकिटांच्या प्रती असतील त्यांनी त्या कार्यवाहांकडे आणून द्याव्यात, अंतराचा आकडा दिसेल अशा.