विश्लेषण : कविता चालीसाठी लिहिली, की तिच्यात नेमके काय बदलते?

गीताचे शब्द पुस्तकात वाचून ‘यात फार खोल काही नाही’ असे म्हणणारे बरेच भेटतात. नावाजलेल्या कवितेचे गाणे ऐकून ‘शब्दच नीट कळले नाहीत’ म्हणणारेही तितकेच असतात. या दोन तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. मनात वाचायची कविता आणि चालीवर गायची कविता या दोन वेगळ्या कामांसाठी केलेल्या रचना आहेत, आणि एकीचे माप दुसरीला लावले की दोघींवरही अन्याय होतो. मराठीतला ‘कवी मोठा की गीतकार’ हा जुना वाद बराचसा याच गोंधळातून आलेला आहे.

मूळ फरक कोणता?

वेळ कोणाच्या हातात आहे, हा. पुस्तकातली कविता वाचताना वेळ वाचकाच्या हातात असतो. एखादी ओळ कळली नाही तर तो थांबतो, मागे जातो, तीच ओळ पुन्हा वाचतो. गाण्यात वेळ तालाच्या हातात जातो. ओळ एकदा पुढे सरकली की सरकली. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ वर्षभर प्रसारित झाले, तेव्हा श्रोत्यासमोर छापील शब्द नव्हते आणि मागे जाण्याची सोयही नव्हती. कथा सर्वांना ठाऊक होती, हा त्यातला मोठा आधार. घटना समजावण्यात शब्द खर्च करावे लागत नसल्याने ५६ गीतांपैकी प्रत्येकाला एकेका प्रसंगातल्या पात्राच्या मनावर थांबता आले.

चालीसाठी लिहिणारा म्हणूनच एका ओळीत एकच चित्र ठेवतो. ओळ संपेपर्यंत अर्थही संपवतो. वाचायच्या कवितेत वाक्य तीन ओळी ओलांडून गेले तरी चालते, किंबहुना तिथे तीच गंमत असते. गाण्यात ते वाक्य तुटते.

वाक्य तुटते म्हणजे काय होते?

उदाहरणासाठी मुद्दाम तयार केलेल्या या दोन ओळी पाहू. त्या मनात वाचण्यासाठी आहेत :

पाऊस थांबला, तरी पत्र्यावरून
थेंब पडत राहिले. आई म्हणाली, झोप.

वाचताना यात अडचण नाही. आता त्या आठ मात्रांच्या केरव्यात बसवून पाहू. मात्रा मोजण्याचा नियम सोपा आहे. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घ अक्षराच्या दोन. जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर जोर आला की त्याच्याही दोन. ‘पाऊस’ या शब्दाच्या पाच मात्रा होतात. पुढच्या ‘थां’च्या दोन आणि ‘ब’ची एक धरली की आठ भरल्या. म्हणजे तालाचे पहिले आवर्तन ‘पाऊस थांब’ इथे संपते आणि ‘ला’ पुढच्या समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या आणि सर्वात ठळक मात्रेवर जाऊन पडतो. श्रोत्याला आधी ऐकू येते ते ‘पाऊस, थांब’. पाऊस थांबल्याची बातमी द्यायची होती, कानावर गेली ती पावसाला केलेली विनवणी.

चांगला संगीतकार यातून वाट काढतो. तो ओळ समेच्या आधी उचलेल, ‘पा’ लांबवून पुढचा शब्द सरकवेल किंवा एवढा भाग ताल सोडून म्हणायला लावेल. मात्र असे प्रत्येक ओळीत करावे लागले, तर चाल शब्दांची दुरुस्ती करण्यातच संपते.

मग तीच कल्पना चालीसाठी कशी लिहिली जाईल?

एक शक्यता अशी :

पाऊस सरे, पत्र्यावरती
थेंब अजुनही ठिबकत असती

इथे प्रत्येक ओळीत आठ-आठ मात्रांचे दोन तुकडे आहेत. पाऊस सरे, पत्र्यावरती, थेंब अजुनही, ठिबकत असती : चारही ठिकाणी शब्द आणि ताल एकाच जागी संपतात. सोळा मात्रांचे हे माप मराठीत पादाकुलक म्हणून ओळखले जाते.

दुसरी गोष्ट डोळ्यांना सहज दिसत नाही. चारही तुकडे स्वरावर संपतात : रे, ती, ही, ती. गायकाला तुकड्याच्या शेवटी ठेहराव घ्यायचा असतो आणि ठेहराव स्वरावरच घेता येतो. ‘झोप’ म्हणताना शेवटी ओठ मिटतात. मिटलेल्या ओठांनी तान घेता येत नाही. त्यातच मराठीत आपण ‘थेंब’ बोलताना शेवटचा ‘ब’ अर्धाच म्हणतो, पण मात्रा मोजताना तो पूर्ण धरतो. त्यामुळे गायकाला एकतर ‘थें’ लांबवावा लागतो, नाहीतर ‘ब’मधला ‘अ’ स्पष्ट म्हणावा लागतो. ओळीच्या मध्ये हे खपते. ओळीच्या शेवटी, लांब सुरावर, ते कृत्रिम वाटू लागते.

बदल्यात काय गेले, तेही पाहायला हवे. ‘तरी’ गेला, म्हणजे दोन घटनांमधला विरोध सांगणारा शब्दच गेला. ते काम आता ‘अजुनही’ने करायचे आहे. ‘पडत राहिले’ या रोजच्या बोलण्याऐवजी ‘ठिबकत असती’ ही थोडी जुन्या वळणाची क्रियापदे आली. चालीसाठीच्या भाषेत अशी रूपे टिकून राहतात, कारण ती मात्रांत नेमकी बसतात. एकीकडे अचूकपणा जातो, दुसरीकडे नाद येतो.

विरामचिन्हांचे काय?

ती ऐकू येत नाहीत, आणि चालीसाठी लिहिताना सर्वात जास्त फसगत इथे होते. आईचे वाक्य आपण ‘झोप, म्हणाली आई मजला’ असे लिहिले, तर मात्रा बरोबर आठ-आठ येतात. कागदावर अर्थही स्पष्ट आहे. पण स्वल्पविराम गाता येत नाही. पहिल्या आवर्तनात श्रोत्याला ‘झोप म्हणाली’ एवढेच ऐकू येते, म्हणजे जणू झोपच काहीतरी बोलली. ‘आई’ पुढच्या समेवर येते तोवर त्याच्या मनात भलतेच चित्र उभे राहिलेले असते.

उपाय म्हणजे बोलणाऱ्याला आधी आणणे : ‘आई म्हणते, झोप बरे तू’. आता पहिल्या आठ मात्रांत कोण बोलते ते कळते, दुसऱ्या आठ मात्रांत काय बोलते ते कळते आणि शेवट ‘तू’वर, लांबवता येणाऱ्या स्वरावर होतो. छापील ओळीत मात्र ‘झोप’ हा एकच शब्द शेवटी तुटकपणे येत होता. थकलेल्या आईचा कोरडा स्वर त्या तुटकपणात होता. गाण्यात तो राहिला नाही, त्याची जागा समजुतीने घेतली.

रचना चालीला तयार आहे की नाही, हे तपासायचा मार्गही यातूनच मिळतो. ज्याने शब्द वाचलेले नाहीत अशा एकाला ते ठेक्यात म्हणून दाखवायचे आणि काय ऐकले ते लिहून घ्यायला सांगायचे. जिथे त्याने वेगळा शब्द लिहिला, तिथे दोष त्याच्या कानाचा नसतो.

ध्रुवपद पुन्हा पुन्हा का येते?

वाचायच्या कवितेत तीच ओळ चार वेळा आली तर वाचक ती चौथ्यांदा वाचतच नाही, नजर पुढे जाते. गाण्यात नजर पुढे नेता येत नाही, म्हणून आवृत्ती हे साधन होते. अट एकच, दर वेळी ओळीचा अर्थ थोडा सरकायला हवा. ‘आई म्हणते, झोप बरे तू’ ही ओळ पहिल्या अंतऱ्यानंतर लहान मुलासाठी असेल. दुसऱ्या अंतऱ्यात परीक्षेत नापास होऊन आलेला मुलगा असेल, तर तीच ओळ धीर देणारी होते. तिसऱ्यात आई हयात नसेल, तर ‘म्हणते’ हा वर्तमानकाळच सगळे सांगून जातो. मूळच्या ‘म्हणाली’मध्ये ही सोय नव्हती.

अंतऱ्यांना दुसरेही बंधन असते. सर्व अंतरे बहुधा एकाच चालीत गायले जातात आणि चाल एका ठिकाणी वरच्या स्वरांत चढते. पहिल्या अंतऱ्यात तिथे ‘आकाश’ आले आणि दुसऱ्यात त्याच जागी ‘आणि’ आले, तर सर्वात उंच सूर सर्वात रिकाम्या शब्दावर खर्च होतो. चालीसाठी लिहिणारा प्रत्येक अंतऱ्यातली ती जागा ओळखून शब्द ठेवतो.

चाल आधी असेल तर?

मराठी नाटकाला हे नवे नाही. १८८०च्या ‘संगीत शाकुंतल’पासून संगीत नाटकांत प्रचलित चालींवर पदे रचली गेली. जुन्या नाट्यपुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच पदाचे नाव छापलेले आढळते. चित्रपटातही अनेकदा संगीतकार आधी निरर्थक शब्दांवर चाल गुणगुणतो आणि गीतकार त्या ‘मीटर’मध्ये शब्द भरतो. इथे मात्रा मोजून पुरत नाही. चालीत जिथे सूर लांब आहे तिथे दीर्घ अक्षरच हवे, नाहीतर ‘दिवस’चा ‘दीवस’ होतो.

अभंगाने हा प्रश्न मुळातच सोडवला होता. मोठ्या अभंगात तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. मोजायची ती अक्षरे, मात्रा नाहीत. म्हणून गाणाऱ्याला हवे ते अक्षर लांबवता येते आणि आखूड चौथ्या चरणात श्वासाला व टाळाला जागा मिळते.

मग कवितेचे गाणे करूच नये का?

जरूर करावे, पण काय कापले जाते याचे भान ठेवून. ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटे मावत. त्या मापात सहा-सात कडव्यांची कविता बसत नाही, दोन-तीन अंतऱ्यांचे भावगीत बसते. तबकडी गेली तरी ते माप अजून गेलेले नाही. आजही कविता निवडून चाल लावताना मधली कडवी वगळली जातात. कवितेचे वळण वगळलेल्या कडव्यात असेल, तर उरते ते सुंदर पण वेगळेच काही. कवी हयात असेल तर कडवी त्यानेच निवडावीत आणि नसेल तर संपूर्ण कविता गाण्याच्या वर्णनात द्यावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

गीतकाराबाबतचा निकषही बदलायला हवा. त्याची ओळ कागदावर साधी दिसते, कारण तिच्यातली अर्धी जागा त्याने सुरासाठी मोकळी सोडलेली असते. ती जागा भरायचे काम चालीचे असते. ती रिकामी दिसली म्हणून गीतकाराला दुय्यम कवी म्हणण्याआधी निदान एकदा ते गाणे ऐकावे.